आधी काय करायचे ते सांगा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्या गुरुजींची ओळख या सभागृहाला करून द्यायला नको. मी फक्त एक आठवण सांगतो, कारण आजचा विषय तिच्यातूनच आला आहे. माझ्या लहानपणी गावात तार आली की तारवाला आधी शाळेत यायचा. तार इंग्रजीत असायची आणि ती वाचून दाखवणारे एकटे गुरुजीच. ज्याची तार असेल तो माणूस शेतातून धावत यायचा, टोपी हातात घेऊन दारात उभा राहायचा. गुरुजी तार मनातल्या मनात वाचत आणि त्याला पहिले वाक्य सांगत ते असे: "साडेचारची एसटी पकड, मुंबईला जायचंय. भाऊ दवाखान्यात आहे, बोलतो आहे." तार कुणी केली, कधी केली, शब्द काय होते, हे सगळे नंतर. आधी, आता काय करायचे ते.

पुढे मी तीस वर्षे सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम केले. त्यातली शेवटची वर्षे माहितीच्या सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या काळात मी एक विशिष्ट प्रकारचा कागद खूप वाचला आणि काही वेळा लिहिलाही. एखाद्या संस्थेकडची ग्राहकांची माहिती फुटली की ती संस्था ग्राहकांना जी सूचना पाठवते, तो कागद. आज मी फक्त त्याच कागदाबद्दल बोलणार आहे. ही सूचना म्हणजे आजच्या काळातली तार आहे. फरक एवढाच की ती वाचून दाखवणारे गुरुजी आता नाहीत, म्हणून गुरुजींचे काम त्या कागदालाच करावे लागते.

आपल्याकडे "पेपर फुटला" असे म्हणतात. परीक्षेचा पेपर फुटला तर परीक्षा पुढे ढकलतात आणि नवा पेपर काढतात. माणसाची माहिती फुटली तर नवी जन्मतारीख काढता येत नाही. या कागदाची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. काही माहिती बदलता येते, काही बदलता येत नाही, आणि सूचना लिहिणारा बहुतेक वेळा या दोहोंत फरक करत नाही.

अशी सूचना देणे कायद्याने बंधनकारक करण्यात अमेरिकेतले कॅलिफोर्निया राज्य पुढे होते. तिथला कायदा १ जुलै २००३ ला लागू झाला. आरंभी त्याचे म्हणणे एवढेच होते की माहिती फुटली तर माणसाला कळवा. कंपन्या कळवू लागल्या, पण कसे? लांबलचक वकिली पत्रात, जिथे मुख्य गोष्ट तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर दडलेली असायची. म्हणून २०१६ पासून त्या राज्याने सूचनेचा साचाच ठरवून दिला. वर ठळक शीर्षक आणि खाली ठरलेले मथळे: काय घडले, कोणती माहिती गेली, आम्ही काय करत आहोत, तुम्ही काय करू शकता, आणि अधिक माहिती कुठे मिळेल. अक्षर दहा पॉइंटपेक्षा लहान नको, हेसुद्धा कायद्यात लिहिले. ज्या कायद्याला अक्षराचे माप सांगावे लागते, त्याने बारीक अक्षरांतली बरीच पत्रे पाहिलेली असणार.

मात्र मथळे बरोबर असले म्हणजे सूचना बरोबर असते असे नाही. हे आपल्या जवळच्या एका उदाहरणावरून पाहू.

२०२१ च्या फेब्रुवारीत सीटा या कंपनीच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला. सीटा जगभरातल्या विमान कंपन्यांना संगणक सेवा पुरवते. आरक्षण, तिकिटे, प्रवाशांच्या नोंदी सांभाळणारी तिची एक यंत्रणा आहे आणि एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती तिच्यात होती. मे महिन्याच्या उत्तरार्धात एअर इंडियाची सूचना प्रवाशांच्या ईमेलमध्ये येऊन पडली. जगभरातले सुमारे ४५ लाख प्रवासी. २६ ऑगस्ट २०११ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेनऊ वर्षांत नोंदलेली माहिती. शिक्षणासाठी परदेशी गेलेला मुलगा, नातवाला पाहायला अमेरिकेला गेलेले आजी-आजोबा, आखातात नोकरीला गेलेला कोकणातला माणूस, अशा कितीतरी घरांत ती सूचना पोहोचली असेल.

त्या सूचनेत चांगले काय होते, ते आधी सांगतो. काय गेले याची यादी स्पष्ट होती: नाव, जन्मतारीख, संपर्काचा तपशील, पासपोर्टची माहिती, तिकिटाची माहिती, नियमित प्रवाशांच्या योजनेतली माहिती आणि क्रेडिट कार्डाची माहिती. कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्ही सीटाकडे ठेवलेलाच नव्हता, हेही सांगितले होते. योजनेच्या खात्यांचे पासवर्ड फुटलेले नाहीत, असेही म्हटले होते. तारखासुद्धा होत्या. सीटाकडून पहिली खबर २५ फेब्रुवारीला आली आणि कोणत्या प्रवाशांची माहिती गेली ते २५ मार्च आणि ५ एप्रिलला कळले. काय केले, तेही लिहिले होते: तपास सुरू केला, बाधित सर्व्हर सुरक्षित केले, बाहेरचे तज्ज्ञ आणले, कार्ड देणाऱ्या बँकांना कळवले आणि योजनेच्या खात्यांचे पासवर्ड नव्याने घ्यायला लावले. अनेक कंपन्या याच्या निम्मेही सांगत नाहीत.

आता तुम्ही काय करावे, हा भाग. तिथे मुख्य सल्ला असा होता की जिथे लागू असेल तिथे पासवर्ड बदला.

श्रोतेहो, हा सल्ला वरच्या यादीशेजारी ठेवून पाहा. जे गेले त्यात पासपोर्ट आहे, जन्मतारीख आहे, कार्ड आहे. जे गेले नाही असे सूचनाच सांगते, ते पासवर्ड. म्हणजे दुखते आहे गुडघ्याला आणि मलम दिले आहे खांद्याला. पासवर्ड बदलण्यात वाईट काही नाही, पण तो बदलल्यावर माणसाला आपण आपले काम केले असे वाटते आणि तो निश्चिंत होतो. चुकीच्या सल्ल्याने होणारे नुकसान हेच: ज्या बाजूने धोका आहे तिकडे तो पाहातच नाही.

मग काय सांगायला हवे होते? एकेक वस्तू घेऊ. कार्डाचा क्रमांक गेला आहे, सीव्हीव्ही गेलेला नाही. भारतातल्या दुकानात ऑनलाइन खरेदी करायची तर ओटीपी लागतो, त्यामुळे इथे धोका कमी. पण परदेशातले बरेच विक्रेते ओटीपी मागत नाहीत आणि काही जण सीव्हीव्हीही विचारत नाहीत. म्हणून सल्ला हा: कार्डाचा परदेशी वापर बंद करा, आणि मन साशंक असेल तर कार्ड बदलून मागा. हे घरबसल्या होते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशामुळे देशातला वापर, परदेशी वापर आणि ऑनलाइन वापर स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय प्रत्येक कार्डाला द्यावी लागते. हे एक वाक्य सूचनेत आले असते तर कितीतरी लोकांनी दोन मिनिटांत ते केले असते.

पासपोर्टचे तसे नाही. पासपोर्टची पुस्तिका नव्याने काढली तर क्रमांक बदलतो, पण त्याला पैसे पडतात, वेळ जातो आणि जुन्या पुस्तिकेवर व्हिसा असेल तर दोन्ही सांभाळत बसावे लागते. नुसत्या क्रमांकावर कुणी तुमच्या नावाने सीमा ओलांडत नाही, पुस्तिका तुमच्या कपाटातच आहे. खरा धोका फोनवरचा आहे. ज्याच्याजवळ तुमचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि जुन्या प्रवासाचा तपशील आहे, तो विमान कंपनीचा किंवा इमिग्रेशनचा अधिकारी म्हणून खात्रीने बोलू शकतो. "तुम्ही अमुक साली अमुक गावाला गेला होतात," एवढे तो म्हणाला की आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. तेव्हा सल्ला असा हवा: पासपोर्ट बदलण्याची घाई करू नका, पण तुमच्या प्रवासाचा खरा तपशील सांगणारा फोन आला, तरी तेवढ्यावरून तो खरा मानू नका.

जन्मतारखेबाबत काहीच करता येत नाही. तसे सरळ लिहावे. "याबाबत तुम्हाला करण्यासारखे काही नाही" हे वाक्य लिहायला कुठल्याच कंपनीला आवडत नाही, पण ते खरे असेल तर वाचणाऱ्याचा वेळ वाचतो आणि बाकीच्या सल्ल्यांवर विश्वास बसतो.

याच हल्ल्याबाबत सिंगापूर एअरलाइन्सनेही एक सूचना दिली होती, ४ मार्च २०२१ रोजी. ती कंपनी सीटाच्या त्या यंत्रणेची ग्राहकही नव्हती. पण एकाच विमान संघटनेतल्या कंपन्या नियमित प्रवाशांची थोडी माहिती एकमेकींना देतात आणि त्या वाटेने तिच्या सुमारे ५ लाख ८० हजार सभासदांची माहिती गेली. तिने सांगितले की सभासद क्रमांक आणि सभासदत्वाचा दर्जा गेला, काहींच्या बाबतीत नावही गेले. पुढचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. पासपोर्ट, कार्ड, ईमेल, प्रवासाचा तपशील यातले काही गेलेले नाही, कारण ही माहिती आम्ही त्या देवाणघेवाणीत देतच नाही.

सभासदांना हे कळायला थोडे दिवस लागले. एअर इंडियाच्या प्रवाशांना पहिल्या खबरेपासून सुमारे बारा आठवडे लागले. कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे: कोणाकोणाची माहिती गेली ते तिलाच एप्रिलपर्यंत पूर्ण कळले नव्हते आणि दरम्यान तिने मार्चमध्ये संकेतस्थळावर एक सर्वसाधारण निवेदन दिले होते. पण यादी ५ एप्रिलला हातात आली आणि सूचना मेच्या उत्तरार्धात निघाली, तो मधला काळ प्रवाशाचा होता. त्या काळात एखाद्याला कार्डावर परदेशातल्या किरकोळ रकमेचा मेसेज आला असेल, तर त्याने तो दुर्लक्षिला असेल. चोर आधी अशीच लहान रक्कम टाकून कार्ड चालते का ते पाहतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा नियम असा आहे की चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच आहे, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले तर त्याच्यावर काहीही भुर्दंड पडत नाही. चौथ्या दिवसापासून थोडा पडू लागतो. ज्याला आपली माहिती फुटल्याचे ठाऊक आहे तो त्या मेसेजकडे नीट पाहतो. ज्याला ठाऊक नाही त्याचे तीन दिवस निघून जातात. उशिरा आलेल्या सूचनेची किंमत अशी मोजता येते.

आता सिंगापूरच्या त्या वाक्याकडे परत येऊ. अशा सूचनांत "नाही" हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी येतो, आणि वाचणाऱ्याला ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला "नाही" असा: ती माहिती आमच्याकडे नव्हतीच. सीव्हीव्ही सीटाकडे नव्हता, पासपोर्ट क्रमांक त्या देवाणघेवाणीत नव्हता. हा सगळ्यांत भक्कम. जे ठेवलेच नाही ते चोरीला जाऊ शकत नाही. दुसरा "नाही" असा: माहिती आमच्याकडे होती, पण आम्ही नोंदी तपासल्या आणि तिथे कुणी पोहोचलेले नाही. हा नोंदी जितक्या पूर्ण तितका भक्कम. तिसरा सगळ्यांत जास्त वापरला जातो: "तुमची माहिती गेल्याचा कोणताही पुरावा आढळलेला नाही." हा "नाही" नव्हेच. "आम्हाला अजून माहीत नाही" याचे ते सभ्य रूप आहे. नोंदीच ठेवल्या नसतील तर पुरावा आढळणार कुठून? घराला कॅमेरा नाही आणि कॅमेऱ्यात चोर दिसला नाही, यातले दुसरे वाक्य खोटे नसते, पण त्यावर विसंबून कुणी दार उघडे टाकू नये.

याचे उदाहरण लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीचे. आपले सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवायचे आणि एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा, अशी ही सेवा. २५ ऑगस्ट २०२२ ला कंपनीने कळवले की कुणीतरी तिच्या सॉफ्टवेअर बनवण्याच्या विभागात शिरले, काही मजकूर नेला, पण ग्राहकांच्या माहितीपर्यंत किंवा तिजोऱ्यांपर्यंत कुणी पोहोचल्याचा पुरावा नाही. ३० नोव्हेंबरला दुसरी सूचना: ऑगस्टमध्ये नेलेल्या माहितीच्या आधारे कुणीतरी ग्राहकांच्या काही माहितीपर्यंत पोहोचले आहे. २२ डिसेंबरला तिसरी: ग्राहकांच्या तिजोऱ्यांची राखीव प्रत उचलली गेली आहे. आतले पासवर्ड कूटबद्ध आहेत, पण कोणत्या संकेतस्थळांचे ते आहेत, ते पत्ते उघडे आहेत.

ऑगस्टचे वाक्य लिहिणारा तेव्हा खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही. पण वाचणाऱ्याने त्यातून काय ऐकले? "आपण सुरक्षित आहोत." आणि चार महिने त्याने काही केले नाही. तेच वाक्य असे लिहिता आले असते: "तपास चालू आहे. तिजोऱ्यांपर्यंत कुणी पोहोचले नाही असे आम्ही अजून खात्रीने सांगू शकत नाही. तोपर्यंत तुमचा मुख्य पासवर्ड लहान किंवा जुना असेल तर बदलून घ्या, आणि बँक व ईमेलचे पासवर्डही बदला." कंपनीची पत थोडी घसरली असती, पण सावध लोक ऑगस्टमध्येच मोकळे झाले असते.

आपल्या देशात आता याला कायद्याचा आधार येतो आहे. २०२१ मध्ये, एअर इंडियाच्या वेळी, ग्राहकाला व्यक्तिशः कळवण्याची सर्वसाधारण सक्ती आपल्याकडे नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने आदेश काढला की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायचे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. पण हे कळवणे सरकारला होते, ग्राहकाला नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याने ज्याची माहिती फुटली त्या प्रत्येक माणसाला कळवणे बंधनकारक केले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि सूचनेबाबतचा नियम त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू होतो. सूचना विनाविलंब, थोडक्यात, स्पष्ट आणि सोप्या शब्दांत हवी. तिच्यात काय घडले, त्या माणसावर त्याचा काय परिणाम होऊ शकतो, संस्थेने काय केले, त्याने स्वतः काय करावे आणि कुणाला विचारावे, एवढे आले पाहिजे. न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या यादीतला "त्या माणसावर त्याचा काय परिणाम" हा भाग मला मोलाचा वाटतो. काय गेले आणि काय करावे यांच्यामधला तो पूल आहे. पण एक उणीवही दाखवतो. तुमची माहिती घेताना जी संमतीची सूचना देतात, ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्या, असे कायदा स्पष्ट म्हणतो. माहिती फुटल्याच्या सूचनेबाबत नियम फक्त सोप्या शब्दांची अट घालतो, भाषेचे नाव घेत नाही. माहिती घेताना मराठी आणि गमावल्यावर इंग्रजी, असे होऊ देऊ नये. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला सोपे इंग्रजीही तारेसारखेच.

हे सगळे मोठ्या कंपन्यांचे झाले. पण या सभागृहात पतसंस्थांचे संचालक आहेत, सोसायट्यांचे सचिव आहेत, दवाखाने चालवणारे आहेत. म्हणून आपल्या मापाचे एक उदाहरण घेऊ. प्रसंग काल्पनिक आहे, पण असे कसे घडते ते मी जवळून पाहिले आहे.

समजा, तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. लेखापरीक्षकाला हवीत म्हणून लिपिकाने सभासदांची केवायसीची कागदपत्रे स्कॅन करून ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकली आणि "लिंक असेल त्या कोणालाही" पाहता येईल अशी लिंक पाठवली. लेखापरीक्षण संपले, लिंक तशीच उघडी राहिली. ती लिंक एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आहे, हे चाळीस दिवसांनी एका सभासदाने सांगितले. फोल्डरमध्ये आधारची प्रत, पॅनची प्रत आणि खाते उघडण्याचा अर्ज. त्या अर्जावर ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा.

आता नीट पाहा. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा एकाच फायलीत आहेत. गावोगावी बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढता येतात, ती एईपीएस सेवा आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा यांवर चालते. ओटीपी लागत नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उतरवून, त्यांचे नकली बोट बनवून या मार्गाने पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. म्हणजे या फोल्डरमध्ये सर्वांत जास्त धोका आहे तो सही न येणाऱ्या सभासदाला, आणि नेमका तोच ईमेल वाचत नाही. त्याच्यापर्यंत सूचना नेण्याची वेगळी व्यवस्था केली नाही तर बाकी सगळे करून उपयोग नाही.

संस्थेने पहिल्या तासात लिंक बंद करायची. पण फोल्डर लगेच पुसून टाकायचे नाही. कोणत्या फायली, कुणाच्या, हे त्यावरूनच कळणार आहे. यादी करायची. सर्ट-इनला कळवायचे, पोलिसांत तक्रार द्यायची. फुकटच्या खात्यात अनोळखी माणसांनी काय उघडून पाहिले याची नोंद मिळत नाही, हे आधीच ओळखायचे आणि "पुरावा नाही" हे वाक्य कागदावर येऊ द्यायचे नाही. मग सूचना लिहायची. मी ती अशी लिहीन:

"सभासदांनो, तुमच्या आधार आणि पॅनच्या प्रती व खात्याचा अर्ज ठेवलेले आमचे फोल्डर चाळीस दिवस इंटरनेटवर उघडे राहिले. ही आमची चूक आहे. ते कुणी पाहिले हे सांगता येत नाही, म्हणून ते पाहिले गेले असे धरून चाला.

आजच करा: आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर ते होते, आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा. लॉक केल्यावर तुमच्या बोटावर कुणी पैसे काढू शकणार नाही. मात्र रेशनच्या दुकानातही अंगठा चालणार नाही. तेव्हा लॉक तात्पुरते उघडता येते. ज्यांनी अर्जावर अंगठा दिला आहे त्यांच्या घरी आमचा कर्मचारी ओळखपत्र घेऊन येईल आणि तुमच्यासमोर मदत करील. तो ओटीपी विचारणार नाही, तुमचा फोन हातात घेणार नाही.

या महिन्यात करा: पॅनचा वापर करून तुमच्या नावावर कुणी कर्ज काढले आहे का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसते. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तो काढायला शाखेत मदत मिळेल.

बदलता येणार नाही: आधार क्रमांक आणि जन्मतारीख. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा आणि तुमच्या बँकेला कळवा.

संस्थेतील तुमच्या ठेवींचे आकडे या फोल्डरमध्ये नव्हते. हीच सूचना शाखेच्या फलकावर सही-शिक्क्यासह लावली आहे. हिच्यात कोणतीही लिंक नाही. लिंक असलेली सूचना आली तर ती आमची नाही."

यातली शेवटची ओळ उगाच घातलेली नाही. माहिती फुटल्याची बातमी पसरली की दोन दिवसांत खोट्या सूचना सुटतात: "तुमची माहिती धोक्यात आहे, येथे दाबून खाते सुरक्षित करा." घाबरलेला माणूस दाबतो. ज्या संस्थेची खरी सूचनाही लिंक दाबायला सांगते, ती आपल्याच सभासदांना ही सवय लावते. म्हणून सूचनेत लिंक नको, आणि ती खरी की खोटी हे पडताळायला एक जुनी, ओळखीची जागा हवी. गावात ती जागा म्हणजे शाखेचा फलक.

या मसुद्यातून मी तीन वाक्ये मुद्दाम वगळली आहेत. "आपल्या माहितीची सुरक्षा आमच्यासाठी सर्वोच्च प्राधान्याची आहे," हे एक. ज्या दिवशी माहिती उघडी सापडली त्या दिवशी ते वाक्य वाचून माणूस चिडतो. "अत्याधुनिक सायबर हल्ला," हे दुसरे. इथे हल्ला नव्हता, लिंक उघडी राहिली होती. आणि हल्ला खरोखर अत्याधुनिक असला तरी सभासदाने काय करायचे ते त्यामुळे बदलत नाही. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," हे तिसरे. गैरसोय एसटी उशिरा आल्याने होते. इथे चूक झाली आहे, तेव्हा चूक हाच शब्द लिहावा. वकील म्हणतील की चूक कबूल करू नका, प्रकरण अंगावर येईल. त्यांचे ते काम आहे आणि मी त्यांचा मान ठेवतो. पण बँकेच्या काउंटरवर मी जे पाहिले ते असे की चूक झाल्याचे सांगितल्यावर माणूस भांडतो, मग खुर्चीवर बसतो आणि "बरं, आता काय करू सांगा" असे विचारतो. लपवल्याचे कळले तर तो बसत नाही, खाते बंद करून जातो.

समारोप करतो. सूचना लिहिण्याची माझी पद्धत उलटी आहे. मी "तुम्ही काय करावे" हा भाग आधी लिहितो. जे जे गेले त्या प्रत्येक वस्तूसमोर एक कृती मांडतो. कृती नसेल तिथे "काही करता येणार नाही" असे लिहितो. ज्या कृतीसमोर गेलेली वस्तू नाही ती खोडतो. पासवर्ड गेला नसेल तर पासवर्ड बदला असे लिहीत नाही. त्यानंतरच काय घडले आणि आम्ही काय केले, ते लिहायला घेतो.

या सभागृहात जे कुणी इतरांची कागदपत्रे सांभाळतात त्यांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्याकडे लोकांचे काय काय ठेवले आहे त्याची यादी करा आणि ते उद्या फुटले असे समजून सूचनेचा मसुदा लिहून ठेवा. यादी करताना ज्या कागदाची गरज संपली आहे असे दिसेल तो नष्ट करा, कारण "आमच्याकडे नव्हतेच" हे वाक्य फक्त आधीच कमावता येते. मग तो मसुदा तुमच्या अशा एका सभासदाला वाचून दाखवा, ज्याला सही येत नाही. वाचून झाल्यावर आपण काय करायचे ते तो तुम्हाला सांगू शकला, तर सूचना तयार झाली. नाही सांगू शकला, तर पुन्हा लिहा.